दुधाचे महिन्याचे बिल स्वतः कसे तपासावे: फॅटच्या पावतीपासून खात्यावर जमा झालेल्या रकमेपर्यंत

दूध संस्थेकडून येणाऱ्या बिलाबद्दल उत्पादकाची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते, "फॅट चांगली लागली, तरी पैसे कमी आले." या वाक्यातून चूक कुठे आहे हे सचिवाला कळत नाही आणि खरे म्हणजे उत्पादकालाही कळत नाही, कारण पैसे कमी येण्याची कारणे मापात, तपासणीत, दरपत्रकात, बेरजेत किंवा कपातीत अशी निरनिराळ्या ठिकाणी असू शकतात. या लेखात गायीच्या दुधाचा फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक, या दोन्हींवर ठरणारा दर धरला आहे आणि महिन्यात दहा-दहा दिवसांची तीन बिले निघणारी पद्धत गृहीत धरली आहे. ज्या संस्थेत पंधरा दिवसांचे बिल निघते, तेथेही तपासणीचा क्रम हाच राहतो.

आधी कागद जमवावेत

तपासणीला तीनच कागद लागतात. पहिला म्हणजे प्रत्येक वेळेची पावती. पावती मिळत नसेल तर मोबाइलवर येणारा संदेश किंवा दूध पुस्तिकेतील नोंद चालते. महिन्याला तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळ मिळून साठ नोंदी होतात. दुसरा कागद म्हणजे त्या काळात लागू असलेले दरपत्रक, आणि तिसरा म्हणजे संस्थेने दिलेले बिल किंवा हिशेबाचा उतारा. दरपत्रकाचा फोटो काढून ठेवताना त्यावरची "दिनांक … पासून लागू" ही ओळ फोटोत आली पाहिजे, कारण दर बदलल्याच्या तारखेवरून होणारे वाद या एका ओळीवर मिटतात. दर २१ तारखेपासून एक रुपयाने उतरणार असताना संगणकात नवीन दरपत्रक १६ तारखेलाच भरले गेले, तर पाच दिवसांच्या दहा वेळा कमी दराने धरल्या जातात आणि दिवसाला अकरा लिटर दूध घालणाऱ्याचे सुमारे ५५ रुपये जातात. बिलाच्या एकूण आकड्याकडे पाहून ही चूक कधीच लक्षात येत नाही.

दरपत्रक वाचण्याची पद्धत

महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा मूळ दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या गुणप्रतीला जाहीर होतो आणि म्हशीच्या दुधाचा ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ या गुणप्रतीला. बाकीचे सगळे दर या मूळ दरावरून वर-खाली काढलेले असतात. फॅटचा किंवा एसएनएफचा ०.१ म्हणजे एक पॉइंट. पॉइंटमागे किती पैसे वाढतात आणि किती कापले जातात, हे प्रत्येक संघाचे वेगळे असते. वाढ आणि कपात सारखी असेलच असेही नाही.

पुढील उदाहरणासाठी एक दरपत्रक कल्पून घेऊ. मूळ गुणप्रतीला लिटरला ३२ रुपये. फॅट ३.५ च्या वर गेल्यास प्रत्येक पॉइंटला ३० पैसे वाढ आणि खाली आल्यास प्रत्येक पॉइंटला ५० पैसे कपात. एसएनएफ ८.५ पासून ८.२ पर्यंत उतरेपर्यंत प्रत्येक पॉइंटला ५० पैसे कपात आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला एक रुपया कपात. एसएनएफ ८.५ च्या वर गेल्यास जादा काही नाही. आपल्या संस्थेच्या दरपत्रकातील चार-पाच चौकटी घेऊन शेजारच्या चौकटींशी त्यांची वजाबाकी करून पाहिली, म्हणजे असे नियम दहा मिनिटांत हाती लागतात. कपात कोणत्या आकड्यापासून दुप्पट होते, ती जागा दरपत्रकावर पेनाने खूण करून ठेवावी, कारण बिल पडते ते मुख्यतः तेथेच.

सरासरीवरून हिशेब का करू नये

बिलाच्या शेवटी एकूण लिटर, सरासरी फॅट, सरासरी एसएनएफ आणि एकूण रक्कम छापलेली असते. बहुतेक जण सरासरी फॅट-एसएनएफचा दर दरपत्रकात पाहतात, त्याला एकूण लिटरने गुणतात आणि रक्कम जुळली नाही की संस्थेत भांडायला जातात. मीही पहिल्यांदा हेच केले होते आणि सचिवाने माझ्यासमोर कॅल्क्युलेटर ठेवल्यावर गप्प बसावे लागले होते. वरच्या दरपत्रकाने दोन दिवसांच्या चार वेळा प्रत्यक्ष मोडून पाहू.

| दिनांक व वेळ | लिटर | फॅट | एसएनएफ | दर (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| ११ एप्रिल, सकाळ | ६.४० | ३.६ | ८.५ | ३२.३० | २०६.७२ |
| ११ एप्रिल, संध्याकाळ | ४.८० | ४.२ | ८.४ | ३३.६० | १६१.२८ |
| १२ एप्रिल, सकाळ | ६.५० | ३.४ | ८.३ | ३०.५० | १९८.२५ |
| १२ एप्रिल, संध्याकाळ | ४.७० | ४.१ | ८.० | ३०.३० | १४२.४१ |

चार वेळांचे मिळून २२.४० लिटर दूध आणि ७०८.६६ रुपये होतात. आता लिटरच्या प्रमाणात सरासरी काढली तर फॅट ३.८ आणि एसएनएफ ८.३ येते. या गुणप्रतीचा दर ३१.९० रुपये आहे आणि त्याने २२.४० लिटरला गुणल्यास ७१४.५६ रुपये होतात. म्हणजे कोणीही काही चुकवलेले नसताना सरासरीचा हिशेब ५.९० रुपये जास्त दाखवतो. याचे कारण असे की एसएनएफ ८.० ला लागलेली मोठी कपात सरासरीत विरघळून जाते आणि ३.४ फॅटला पडलेली कपातही दिसत नाही. चार वेळांना सहा रुपये हा फरक असाच राहिला, तर साठ वेळांना ८८ रुपयांच्या आसपास जाईल आणि तेवढ्यावरून उत्पादक आपली फसवणूक झाली असे समजेल. म्हणून रक्कम नेहमी वेळेनुसार काढावी आणि मगच बेरीज करावी.

हे काम वहीवर करायचे तर एका बिलाच्या वीस ओळींना अर्धा तास लागतो. मोबाइलमधील तक्त्याच्या ॲपमध्ये लिटर आणि दर असे दोन रकाने भरून गुणाकार लावला, तर त्याहून कमी वेळ लागतो. दर मात्र प्रत्येक ओळीला दरपत्रकातून स्वतःच पाहावा, बिलावर छापलेला दर उतरवून घेऊ नये. बिलावरचाच दर घेतला तर गुणाकार तेवढा तपासला जातो, आणि गुणाकारात संगणक सहसा चुकत नाही. चुकतो तो आत भरलेला आकडा.

पावतीचे आकडे आणि बिलाचे आकडे एकच आहेत का

आता पावत्या आणि बिल शेजारी ठेवून प्रत्येक ओळीचे लिटर, फॅट आणि एसएनएफ ताडून पाहावेत. पहिल्यांदा ओळी मोजाव्यात. दहा दिवसांच्या वीस ओळी नसतील, तर कोणती वेळ गळाली हे पाहावे. वीज गेलेल्या किंवा यंत्र बंद पडलेल्या दिवशी नोंद हाताने होते आणि नंतर संगणकात चढवली जाते. त्या दिवसाच्या ओळी दोनदा वाचाव्यात. १४ एप्रिलच्या संध्याकाळी पावतीवर ४.९० लिटर, ४.२ फॅट आणि ८.४ एसएनएफ असताना बिलात फॅट ३.२ चढली, तर दर ३३.६० ऐवजी ३०.०० रुपये लागतो आणि एका वेळेला १७.६४ रुपये जातात. आकडा लहान आहे, पण तो कागदावर दाखवता येतो आणि त्यामुळे लगेच दुरुस्त होतो.

याशिवाय एक गोष्ट ओळींच्या रचनेवरून ओळखता येते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारांमधले अंतर सारखे नसते. संध्याकाळची धार सकाळनंतर दहा-अकरा तासांनी होत असेल आणि सकाळची धार त्यानंतर तेरा-चौदा तासांनी, तर सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळी दूध कमी आणि फॅट जास्त, असे दिसणे स्वाभाविक आहे. वरच्या तक्त्यात ते दिसते. म्हणून तुलना सकाळची सकाळशी आणि संध्याकाळची संध्याकाळशी करावी. उलट सलग चार-पाच दिवस दोन्ही वेळांना फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ असे एकसारखे आकडे दिसले, तर नमुना यंत्रात न घालता आकडे बसवले असण्याची शक्यता धरून चौकशी करावी. गाय रोज अगदी तंतोतंत सारखे दूध देत नाही.

एकाच वेळेला एसएनएफ उतरली तर काय समजावे

तक्त्यातील १२ तारखेची संध्याकाळ पुन्हा पाहावी. आदल्या संध्याकाळी ८.४ असलेली एसएनएफ ८.० वर आली आणि लिटरला तीन रुपये गेले. फॅट रोज थोडी वर-खाली होतेच, परंतु एसएनएफ एका दिवसात चार पॉइंट उतरून दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येणे हे गायीमुळे क्वचित घडते. तेव्हा दुधात पाणी राहिले का, नमुना नीट घेतला गेला का आणि यंत्र स्वच्छ होते का, हे तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत.

चरवी किंवा किटली धुतल्यावर तळाशी राहिलेले पाणी हे सर्वांत साधे कारण आहे. एसएनएफ ८.४ वरून ८.० वर येण्यासाठी दुधात पाच टक्क्यांच्या आसपास पाणी लागते, म्हणजे पावणेपाच लिटरला पाव लिटरच्या जवळपास. एवढे पाणी नजरचुकीने सहसा राहत नाही, त्यामुळे कारण बहुधा नमुन्यात किंवा यंत्रात असते. पाण्याने फॅटही त्याच प्रमाणात उतरते, पण ४.२ ची ४.० होणे हे रोजच्या चढउतारातही बसते, म्हणून फॅट तेवढी उतरली नाही यावरून पाणी नव्हते असा दावा करता येत नाही.

नमुन्याच्या बाबतीत, किटली तासभर स्थिर ठेवली की साय वर येते आणि न ढवळता वरून घेतलेला नमुना जास्त फॅटचा, तर तळाचा कमी फॅटचा निघतो. नमुना घेण्यापूर्वी सगळ्या गायींचे दूध एकत्र करून पळीने वर-खाली पाच-सहा वेळा सावकाश ढवळावे; जोरात घुसळू नये, कारण फेस आणि हवेचे बुडबुडे दूध तपासणी यंत्राचे आकडे बिघडवतात. यंत्र एकाच नमुन्याला लागोपाठ दोनदा लावून पाहण्याची विनंती करावी. दोन आकड्यांत एका पॉइंटपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर यंत्राची स्वच्छता किंवा जुळणी तपासणे गरजेचे आहे.

फॅटबद्दलचा वाद यंत्रावर मिटला नाही, तर गर्बर पद्धतीने तपासणी मागावी. यात ब्युटिरोमीटरच्या काचनळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून फॅट थेट नळीवर वाचतात. गंधकाम्ल धोकादायक असल्यामुळे हे काम संस्थेच्या किंवा संघाच्या प्रशिक्षित माणसानेच करावे. उत्पादकाने समोर उभे राहून नळीवरचा आकडा वाचावा आणि लिहून घ्यावा. या पद्धतीने फॅट कळते, एसएनएफ कळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

डिग्रीवरून एसएनएफ काढणाऱ्या संस्थेत

काही संस्थांमध्ये एसएनएफ यंत्रावर येत नाही, तर लॅक्टोमीटरची डिग्री आणि फॅट यांवरून संगणक ती काढतो. येथे एक मुद्दा असा आहे की तो बहुतेकांना माहीत नसतो आणि पैशांच्या दृष्टीने सर्वांत जड पडतो. डिग्रीला ४ ने भागून त्यात फॅटचा ठरावीक भाग आणि एक ठरावीक आकडा मिळवतात. परंतु हे ठरावीक आकडे सगळीकडे एकच नसतात. प्रचलित असलेली दोन सूत्रे पुढीलप्रमाणे आहेत.

```
एसएनएफ = (डिग्री ÷ ४) + (०.२१ × फॅट) + ०.३६
एसएनएफ = (डिग्री ÷ ४) + (०.२५ × फॅट) + ०.४४
```

फॅट ४.० आणि डिग्री २८ असेल तर पहिल्या सूत्राने ७.०० + ०.८४ + ०.३६ म्हणजे ८.२० येते आणि दुसऱ्याने ७.०० + १.०० + ०.४४ म्हणजे ८.४४. दूध तेच, लॅक्टोमीटर तोच. आपल्या कल्पित दरपत्रकात पहिल्याला दीड रुपया कपात होते आणि दुसऱ्याला पन्नास पैसे, म्हणजे लिटरमागे एक रुपयाचा फरक. महिन्याला ३३५ लिटर घालणाऱ्याला तो तितक्याच रुपयांचा पडतो. उत्पादकाने अमुकच सूत्र वापरा असा आग्रह धरून उपयोग नाही, कारण संघ आपले दरपत्रक एका सूत्रावर बेतून काढतो; मात्र संगणकातले सूत्र आणि दरपत्रकाचे सूत्र एकच आहे का, एवढे सचिवाला लेखी विचारणे हा त्याचा हक्क आहे. डिग्री तापमानानुसार दुरुस्त केलेली आहे का, हेही सोबत विचारावे. गरम दुधात लॅक्टोमीटर जास्त बुडतो आणि डिग्री कमी दाखवतो.

शेवटचा अंक कुठे जातो

यंत्र फॅट ३.६८ दाखवते आणि दरपत्रकात रकाना ३.६ किंवा ३.७ असतो. काही ठिकाणी ३.७ धरतात, काही ठिकाणी पुढचा अंक सोडून ३.६ धरतात. प्रत्येक वेळेला अंक सोडला तर सरासरीने अर्धा पॉइंट जातो. फॅटला लिटरमागे १५ पैसे धरले तरी ३३५ लिटरला ५० रुपये होतात आणि एसएनएफवर तसेच झाले तर त्यात आणखी भर पडते. वजनकाट्यावरही हेच आहे. काटा ६.४८ लिटर दाखवत असताना पावतीवर ६.४ छापले जात असेल, तर साठ वेळांना मिळून तीन लिटरच्या आसपास दूध हिशेबाबाहेर राहते. काटा किलोत मोजून १.०३ ने भागून लिटर दाखवतो का, हेही एकदा पाहावे. ५ किलोचे शिक्क्याचे वजन ठेवले असता अशा काट्यावर ४.८५ लिटर दिसले पाहिजे. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असावा लागतो.

कपाती आणि हातात येणारी रक्कम

दुधाच्या रकमेपेक्षा मोठी चूक कपातीच्या रकान्यात निघते, असा माझा अनुभव आहे, कारण पशुखाद्याच्या एका पोत्याची रक्कम साठ वेळांच्या पॉइंटच्या चुकांहून जास्त असते. वरच्याच उत्पादकाचा एप्रिलचा हिशेब पाहू. तीन बिलांची दुधाची रक्कम अनुक्रमे ३,४८६.४०, ३,५६१.७५ आणि ३,६४२.३० रुपये, मिळून ३३५.८० लिटरचे १०,६९०.४५ रुपये. कपातीत पशुखाद्याची तीन पोती ४,९५० रुपये, उचलीचा हप्ता प्रत्येक बिलाला १,००० प्रमाणे ३,००० रुपये आणि ठेव लिटरमागे ५० पैशांनी १६७.९० रुपये, अशी एकूण ८,११७.९० रुपयांची कपात होऊन २,५७२.५५ रुपये खात्यावर जमा झाले.

घरातल्या वहीत मात्र पोती दोनच आहेत, ४ आणि १९ एप्रिलला. बिलात ४, १९ आणि २० एप्रिल अशा तीन नोंदी आहेत. १९ तारखेच्या पोत्याची उधारीची पावती १९ ला फाडली आणि गोदामाच्या वहीवरून तीच नोंद २० ला पुन्हा चढली, असे त्यामागे असते. पोत्याचे १,६५० रुपये आणि १४ तारखेच्या फॅटचे १७.६४ रुपये मिळवले, तर खात्यावर ४,२४०.१९ रुपये यायला हवे होते. उचलीच्या बाबतीत नुसता हप्ता पाहू नये. मागील बिलावरील शिल्लक उचल वजा या बिलाचा हप्ता बरोबर आताची शिल्लक, हे दर बिलाला जुळवावे. हप्ता कापला गेला पण शिल्लक उतरली नाही, ही चूक वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. सरकारी अनुदान जेव्हा येते, तेव्हा ते थेट बँक खात्यावर वेगळे जमा होत असेल, तर ते बिलाच्या बेरजेत धरू नये. बँकेच्या पासबुकातील दोन जमा नोंदी एकत्र मोजल्याने पुष्कळदा हिशेब जुळत नाही.

चूक सापडल्यावर

सचिवाकडे जाताना पावती, बिल आणि दरपत्रकाचा फोटो यांच्या प्रती नेऊन एका पानावर तारीख, वेळ, बिलातील आकडा, बरोबर आकडा आणि फरकाची रक्कम एवढेच लिहावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. दुरुस्ती पुढच्या बिलात "मागील फरक" म्हणून वेगळ्या ओळीत दाखवण्यास सांगावे. रोख दिलेल्या फरकाची कागदावर खूण राहत नाही. संस्था नोंदी दाखवत नसेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला आपल्या व्यवहाराच्या नोंदी असलेली पाने संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात, हे अर्जात नमूद करावे. त्यानंतरची पायरी म्हणजे संघाचा पर्यवेक्षक आणि मग सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध). काट्याबद्दलची तक्रार मात्र वैधमापन निरीक्षकाकडे जाते. खासगी संकलन केंद्राला दूध घालणाऱ्याला सहकार कायद्याचा हा मार्ग मिळत नाही, म्हणून त्याने पावत्या अधिक काटेकोरपणे जपाव्यात.

तिन्ही बिले महिन्याच्या पासबुकाच्या पानाला टाचून ठेवावीत. दिवाळीला संस्था लिटरमागे किंवा रकमेच्या टक्क्यांवर जो दरफरक देते, तो याच बिलांवरील वर्षभराच्या लिटर आणि रकमेवरून निघतो, आणि एप्रिलमध्ये गळालेली एक वेळ त्या हिशेबातही गळालेलीच राहते.